बुक झालेली ऑर्डर आणि पोचलेला माल: मधली गळती कुठे होते

प्रश्न: नाशिकला किराणा मालाची डिस्ट्रिब्युटरशिप आहे. चार सेल्समन मोबाईलवर ऑर्डर घेतात, पण दुसऱ्या दिवशी छोटा हत्ती बराच माल परत घेऊन येतो. रूटवार टार्गेट आणि डिलिव्हरी कशी बसवावी?

उत्तर:

परत येणाऱ्या मालाचं मूळ बहुतेक वेळा आदल्या दिवशीच्या ऑर्डरमध्ये असतं, आणि त्या ऑर्डरचं मूळ टार्गेट लावण्याच्या पद्धतीत. म्हणून आधी टार्गेट बघा, गाडी नंतर.

महिन्याचं टार्गेट सरळ २६ दिवसांनी भागायचं, ही सर्रास चालणारी पद्धत आहे. समजा एका सेल्समनला महिन्याला १० लाख दिलेत, म्हणजे रोजचे साधारण ३८,५०० झाले. रविवार कारंजा ते मेनरोड या बीटवर होलसेलवाले बसलेत, तिथे हा आकडा दुपारच्या आत पार होतो. मखमलाबाद–म्हसरूळला मात्र दिवसभर फिरूनही तो गाठता येत नाही. मग संध्याकाळी सेल्समन ओळखीच्या होलसेलवाल्याला फोन लावतो, "शेठ, पाच पेट्या टाकतो, सांभाळून घ्या," आणि आकडा पूर्ण करतो. सकाळी माल दारात गेला की शेठ म्हणतात, मी मागवलाच नव्हता. अशी ऑर्डर ओळखायला सोपी असते: ती त्या दिवशीच्या बीटबाहेरच्या दुकानाची असते, पाचनंतर पडलेली असते आणि ॲपमधलं लोकेशन दुकानाजवळचं नसतं. या तिन्ही गोष्टी जुळल्या तर बिल करण्याआधी दुकानदाराला स्वतः फोन करा.

टार्गेट बीटच्या वकुबाप्रमाणे वाटा. प्रत्येक बीटची मागच्या तीन महिन्यांची विक्री काढा, पण बुकिंगची नाही, परतावा वजा जाता खरोखर पोचलेल्या मालाची. समजा त्यात रविवार कारंजाचा वाटा ३२ टक्के आणि मखमलाबाद–म्हसरूळचा ९ टक्के आला. मग १० लाखांतले ३,२०,००० पहिल्या बीटला आणि ९०,००० दुसऱ्याला. बीट सोमवारची असेल आणि महिन्यात चार सोमवार असतील तर पहिल्या बीटला एका फेरीचे ८०,००० होतात, पाच सोमवार असतील तर ६४,०००. मखमलाबाद–म्हसरूळला चार फेऱ्यांत फेरीचे २२,५०० येतात. तिथल्या ४५ दुकानांपैकी ३० दुकानांनी बिल दिलं तर सरासरी ७५० चं बिल. असा आकडा सेल्समनला पटतो, आणि ३० ऐवजी १८ बिलंच झाली तर नेमकं काय कमी पडलं तेही त्याला दिसतं. इन्सेंटिव्हसुद्धा पोचलेल्या मालावरच धरा. बुकिंगवर धरलात तर खोट्या ऑर्डरचे पैसे तुम्हीच भरताय.

आता दुकानातली ऑर्डर. सगळ्यात महाग पडते ती एककाची चूक. दुकानदार म्हणतो "दोन डझन दे", सेल्समन २४ टाकतो, पण ॲपमध्ये त्या आयटमचं एकक पेटी असतं. पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पेटीत १४४ पुडे असतील, तर २४ पुड्यांऐवजी ३,४५६ पुड्यांची ऑर्डर पडली. प्रत्येक आयटमला नग, लडी, आउटर, पेटी हे पर्याय आकड्याशेजारीच दिसले पाहिजेत, आणि त्या दुकानाच्या नेहमीच्या खपाच्या तिप्पट आकडा पडला की ॲपने थांबवून विचारलं पाहिजे. ऑर्डर पाठवण्याआधी ती दुकानदाराला मोठ्याने वाचून दाखवायची सवय लावा. "ऑर्डर दिलीच नव्हती" हा वाद त्याने बराच कमी होतो.

दुसरी अडचण नेटवर्कची. जुन्या नाशिकच्या गल्ल्यांत किंवा तळघरातल्या दुकानात रेंज गेली की सेल्समन बटण दोनदा दाबतो आणि एकाच ऑर्डरची दोन बिलं होतात. ऑर्डरचा नंबर फोनमध्येच तयार व्हावा आणि तोच नंबर पुन्हा आला तर सर्व्हरने नाकारावा, ही सोय आहे का ते ॲपवाल्याला स्पष्ट विचारा. नसेल तर बिलं करण्याआधी यादी दुकानाप्रमाणे लावून एकाच रकमेच्या जोड्या हाताने तपासा.

स्टॉकचंही तसंच आहे. गोडाऊनमध्ये १० पेट्या तेल आहे आणि चौघांनाही तेवढंच दिसतंय, तर चौघे मिळून २५ बुक करतील. ऑर्डर पडताक्षणी तेवढा स्टॉक राखून ठेवला गेला पाहिजे. ऑफलाईन फोनला सकाळचाच आकडा दिसत राहतो, म्हणून कमी शिल्लक असलेले आयटम सकाळीच माणसागणिक वाटून द्या. खराब आणि एक्सपायरीचा माल बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये वेगळ्या गोडाऊनला टाका, नाहीतर तोही विकाऊ म्हणून फोनवर दिसतो.

संध्याकाळी ७ ला ऑर्डर बंद करा आणि त्यानंतर कोणासाठीही उघडू नका. ज्यांची उधारी मुदतीपुढे गेली आहे त्यांच्या ऑर्डरी आधी बाजूला काढा आणि सेल्समनला लगेच फोन करायला लावा. मग सगळ्या बीटचा माल आयटमवार एकदम काढा, तुटवडा निघेल तो ऑर्डरमधून कमी करा आणि त्यानंतरच बिलं छापा. आधी बिल छापून नंतर माल काढला की दारात पाच आयटमचं बिल आणि हातात चार आयटम असा प्रकार होतो, आणि वैतागलेला दुकानदार पूर्ण बिलच परत करतो.

गाडीचा हिशोब एका उदाहरणाने सांगतो. मंगळवारी सिडकोच्या बीटवर ३१ बिलं झाली, माल ८६० किलो. छोट्या हत्तीची क्षमता मॉडेलप्रमाणे साधारण ७५० किलो धरा, पण चढ-उताराला जागा लागते म्हणून मी ६५० लाच थांबेन. म्हणजे २१० किलो उतरवायचा. प्रत्येक बिलातून थोडं थोडं कापू नका, पूर्ण बिलं उतरवा: पाथर्डी फाट्याकडची, तेलाचे डबे आणि साबणाची वजनदार बिलं बाजूला काढून इंदिरानगरच्या गाडीला द्या. चिप्स-नूडल्सचं प्रमाण जास्त असेल तर वजनाआधी जागाच संपते, तेव्हा पेट्याही मोजा. वेळेचं गणित याहून कडक आहे. एका बिलाला ८ मिनिटं धरली तर साडेदहा ते दीडमध्ये, मधलं अंतर धरून, १८ दुकानं होतात. दीडनंतर बऱ्याच दुकानांची शटर खाली असतात ती चारनंतर उघडतात. म्हणून दुपारी बंद राहणारी दुकानं सकाळच्या १८ मध्ये घ्या आणि दिवसभर उघडी असणारी मागे ठेवा. ज्याला माल शेवटी द्यायचा त्याचा गाडीत सगळ्यात आधी भरायचा, हे ड्रायव्हरला ठाऊक असतं, पण त्यासाठी यादी रात्रीच त्याच्या हातात हवी.

बीटचा वार ठरवताना डिलिव्हरीचा वार बघा. मंगळवारी पंचवटीची ऑर्डर घेतली की माल बुधवारी जाणार, आणि बुधवारी गोदाघाटावर आठवडे बाजार असतो. गाडी गर्दीत अडकते आणि रामकुंडाकडची पाच-सहा बिलं तशीच परत येतात. पंचवटी सोमवारी किंवा गुरुवारी लावा. २०२७ च्या सिंहस्थात रामकुंडाकडच्या दुकानांची बीट उरलेल्या पंचवटीपासून वेगळीच काढावी लागेल, कारण पर्वणीच्या दिवसांत गाडी आत जाणार नाही.

परत आलेल्या प्रत्येक बिलावर डिलिव्हरीवाल्याने तिथल्या तिथे चारपैकी एक कारण निवडायचं: ऑर्डर दिली नव्हती, पैसे नाहीत, दुकान बंद, माल चुकीचा. पंधरा दिवसांनी ही यादी सेल्समननुसार लावा. पहिलं कारण एकाच माणसाच्या नावावर साचलं असेल तर त्याचं टार्गेट पुन्हा तपासा. तिसरं साचलं तर गाडीचा क्रम बदला. चौथं चौघांच्याही नावावर सारखंच दिसत असेल तर सेल्समनला बोलू नका, रात्री माल काढताना गोडाऊनमध्ये जाऊन उभे राहा.