लेट चेकआउटला नाही म्हणताना

"आमचा दोन खोल्यांचा होमस्टे आहे, चेकआउट सकाळी १० चं. पाहुणे म्हणतात रात्रीची गाडी आहे, संध्याकाळपर्यंत खोली राहू द्या. पुढचं बुकिंग असतं. नाही म्हटलं की तोंडं वाकडी होतात आणि रिव्ह्यूत उमटतं. कसं सांगायचं?"

तारकर्लीला हेच माझं रोजचं दुखणं होतं, म्हणून सविस्तर लिहिते. मी घरगुती चालवते, मोठ्या हॉटेलांचं गणित वेगळं असतं, तेव्हा तुमच्या सोयीने घ्या.

आधी पाहुण्याला नेमकं काय हवंय ते बघा. त्याला खोली नको असते. समुद्रावरून आल्यावर अंगावरचं खारं पाणी धुवायचं असतं, कपडे बदलायचे असतात, बाथरूम हवं असतं आणि कोकणकन्या कुडाळला यायच्या आत घटकाभर पाठ टेकायची असते. हे सगळं खोलीबाहेर देता आलं तर भांडण निम्मं मिटतं. आम्ही परसातलं जुनं न्हाणीघर दुरुस्त करून बाहेरच्यांसाठी ठेवलं. पडवीत दोन बाजा, एक उभा पंखा आणि चार्जिंगचा बोर्ड आहे. खर्च एकदाच झाला.

नकार आदल्या संध्याकाळी द्या, सकाळी पावणेदहाला दारात उभं राहून नाही. आणि "बघू, प्रयत्न करते" हे तर अजिबात नको, पाहुणा त्याचा अर्थ हो असाच घेतो. मी असा मेसेज टाकते: "उद्या तुमची खोली १२ वाजता दुसऱ्या पाहुण्यांना द्यायची आहे, त्यामुळे १० नंतर ठेवता येणार नाही. बॅगा आमच्या कोठीत कुलपात ठेवा. दुपारी आल्यावर परसात आंघोळ करा, पडवीत आराम करा, त्याचे पैसे नाहीत. जेवण हवं असेल तर सकाळी ९ पर्यंत सांगा." नाही आणि त्याबदल्यात काय, दोन्ही एकाच मेसेजमध्ये. मावशी आल्या नाहीत वगैरे कारणं सांगू नका, लोक त्यावर तोडगे सुचवत बसतात.

आता माझा खरा राग. एका बुकिंग साइटवरून आलेल्या गृहस्थांनी फॉर्ममध्ये 'लेट चेकआउट हवं' असं लिहिलं होतं. साइटने ती विनंती त्यांच्या बुकिंगच्या कागदावर जशीच्या तशी छापली. ते कागद दाखवून म्हणाले, इथे लिहिलंय. आदल्या रात्री मी तोंडी नाही म्हटलं होतं, पण त्याची नोंद कुठे? त्यांनी साइटच्या हेल्पलाइनला फोन लावला. तिथून "हॉटेलशी बोलून कळवतो" असं उत्तर मिळालं आणि मला कुणाचाही फोन आला नाही. ते गृहस्थ दुपारपर्यंत खोलीत बसले. सकाळच्या गाडीने आलेलं कुटुंब, लहान मुलांसकट, अंगणात ताटकळत राहिलं आणि शेवटी दुसरीकडे गेलं. त्यांचे पैसे परत करायचे म्हणून साइटने माझ्याच हिशोबातून कापले. मी तक्रार केली, तर प्रत्येक वेळी नव्या माणसाकडून तेच छापील उत्तर. तेव्हापासून अशी विनंती दिसली की त्याच दिवशी साइटच्या मेसेज बॉक्समध्येच उत्तर टाकते. फोनवर कितीही गोड बोलणं झालं तरी वाद झाल्यावर साइट तेच लिहिलेलं बघते.

सामानाचं म्हणाल, तर ठेवून घेणं सोपं आणि परत देणं अवघड. एका चिठ्ठीवर नाव, नग किती आणि वेळ लिहा, अर्धी बॅगेला बांधा, अर्धी पाहुण्याकडे. सगळ्या नगांचा एकत्र फोटो त्यांच्याच मोबाइलवर काढायला लावा. पैसे, दागिने, लॅपटॉप ठेवून घ्यायचे नाहीत, हे स्पष्ट सांगा. चेन उघडी असेल तर आधी बंद करून घ्या. आणि पिशवीत सुकी मासळी आहे का, हे विचाराच. मालवणच्या बाजारातून घेतलेला सुका बांगडा कोठीत बॅगांशेजारी राहिला, तर संध्याकाळपर्यंत दुसऱ्याच्या कपड्यांना वास लागतो, मांजर येतं ते वेगळंच. मी त्यासाठी मागच्या दारी झाकणाचा डबा ठेवलाय.

मागच्या आठवड्यातलेच पाहुणे घ्या, चौघं होती. नाश्ता करून १० च्या आत खोली सोडली, बॅगा कोठीत ठेवल्या आणि होडीने सिंधुदुर्ग किल्ल्यावर गेली. (पावसाळ्यात होड्या बंद असतात, तेव्हा हा बेत चालत नाही.) दुपारी परत आली, आंघोळी केल्या, सुरमईचं ताट जेवली आणि पडवीत आडवी झाली. जेवणाचे पैसे मिळाले, खोलीत नवे पाहुणेही वेळेवर गेले.

एक मात्र, पुढचं बुकिंग नसेल तर उगाच अडवू नका. मी दुपारी २ पर्यंत तशीच देते, त्यापुढे अर्धं भाडं घेते, तेही आधी सांगून. म्हातारी माणसं किंवा तान्हं बाळ असेल तर पडवी पुरत नाही, तेव्हा आमच्या घरातली आतली खोली देते.

आणि कुडाळला जायची रिक्षा दुपारीच सांगून ठेवा. इथून तासभर लागतो, संध्याकाळी ऐनवेळी मिळत नाही, आणि गाडी चुकली तर ते परत तुमच्याच दारात.