कंपनी रिकामी, मालक गब्बर: वसुली कोणाकडून?

प्रश्न: एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीकडे माझे जॉबवर्कचे १८ लाख दीड वर्षापासून अडकलेत. मालक म्हणतो, कंपनीत काही राहिलं नाही. स्वतः मात्र नवी गाडी घेऊन फिरतो, आणि त्याच शेडमध्ये आता बायको आणि मेव्हण्याच्या नावाची नवी कंपनी चालू आहे. पैसे त्याच्याकडून वसूल करता येतील का?

उत्तर:

गाडीच्या जोरावर नाही. नव्या कंपनीच्या जोरावर कदाचित हो, पण त्यासाठी काही तारखा तुमच्या बाजूने बोलायला हव्यात. मी वसुलीचे आणि कंपनीचे दावे चालवतो. पहिल्या भेटीत बहुतेक लोक मालकाच्या श्रीमंतीबद्दलच बोलतात, आणि कोर्टाला नेमका त्यातच सगळ्यात कमी रस असतो.

कायद्याच्या नजरेत तुम्ही काम केलंत ते कंपनीसाठी, त्या गृहस्थांसाठी नाही. हे तत्त्व ज्या खटल्यातून पक्कं झालं त्यातली माणसं बरीचशी तुमच्याच प्रकरणासारखी होती. लंडनमधल्या अ‍ॅरॉन सॉलोमन नावाच्या बूट बनवणाऱ्या व्यापाऱ्याने आपला चालू धंदा स्वतःच काढलेल्या कंपनीला विकला. शेअर्स एकूण २०,००७. त्यातले २०,००१ त्याचे, उरलेले सहा बायको आणि पाच मुलांकडे, प्रत्येकी एक. विक्रीच्या किमतीतले १०,००० पौंड त्याने कंपनीला दिलेलं तारणी कर्ज म्हणून दाखवले. वर्षभरात धंदा बसला. उधारीवर माल देणाऱ्यांच्या हाती काही लागेना, कारण तारण असल्यामुळे पहिला हक्क सॉलोमनच्या कर्जाचा. खालच्या दोन्ही कोर्टांनी त्याला जबाबदार धरलं. पण हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये सगळ्या न्यायाधीशांनी एकमुखाने निकाल फिरवला: कंपनी रीतसर नोंदलेली आहे, फसवणूक सिद्ध झालेली नाही, तेव्हा कंपनीचं देणं हे सॉलोमनचं देणं नाही. १८९७ सालच्या अहवालात छापलेला हा निकाल आजही आपल्या कोर्टांत रोज वाचला जातो.

हा नियम मालकाच्या सोयीचाच असतो असंही नाही. मुंबईच्या बाचा गझदर यांच्याकडे चहाच्या कंपन्यांचे शेअर्स होते. चहा कंपनीच्या उत्पन्नातला ६० टक्के भाग शेतीचा म्हणून करमुक्त असायचा, म्हणून आपल्या लाभांशाचाही तेवढा भाग करमुक्त धरावा अशी त्यांची मागणी होती. सुप्रीम कोर्टाने १९५४ साली ती नाकारली. मळा कंपनीचा, भागधारकाचा नाही; त्याच्या हाती येतो तो फक्त लाभांश. म्हणजे कंपनी आणि तिचा मालक यांच्यामधली भिंत दोन्ही बाजूंनी सारखीच उभी आहे.

तेव्हा तुमचे पैसे अडकवणाऱ्या कंपनीचं भागभांडवल एक लाख असेल आणि ते पूर्ण भरलेलं असेल, तर भागधारक म्हणून त्या गृहस्थांकडून आणखी एक रुपयाही मागता येत नाही. धंदा खरोखर तोट्यात गेला, मोठं गिऱ्हाईक बुडालं, बँकेने मशिनरी उचलली, असं घडलं असेल तर तुमचे पैसे गेले आणि मालकाचं घर शाबूत, हा निकाल कितीही टोचला तरी कायद्याप्रमाणे बरोबर आहे.

आता कोर्टं ही भिंत बाजूला कधी सारतात? मुंबई हायकोर्टाचं १९२७ सालचं सर दिनशा माणेकजी पेटिट यांचं प्रकरण मला सगळ्यात स्वच्छ वाटतं. लाभांश आणि व्याज हेच त्यांचं मोठं उत्पन्न, आणि त्यावर सुपरटॅक्स बसायचा. त्यांनी चार खासगी कंपन्या काढल्या आणि गुंतवणुकीचा एकेक गठ्ठा एकेकीच्या नावे केला. लाभांश कंपनीत जमा व्हायचा आणि 'कर्ज' म्हणून परत त्यांच्याकडे यायचा. त्या कंपन्यांना दुसरा धंदाच नव्हता. कोर्ट म्हणालं, ही कंपनी म्हणजे करदाताच आहे, आणि उत्पन्न त्यांचंच धरलं. इथे बघण्यासारखं हे की कंपनी कागदोपत्री अगदी बिनचूक होती. कोर्टाने विचारलं ते एवढंच, की ही वेगळी ठेवण्यामागे कर टाळण्यापलीकडे काही कारण होतं का.

दुसरं दिल्लीचं स्किपर कन्स्ट्रक्शन. दिल्ली विकास प्राधिकरणाने १९८० साली लिलावात काढलेल्या झंडेवालानच्या भूखंडाला या कंपनीने ९.८२ कोटींची सर्वोच्च बोली लावली, चौथा हिस्सा भरला आणि उरलेल्या रकमेसाठी वर्षानुवर्षं कोर्टबाजी केली. दरम्यान न बांधलेल्या इमारतीतल्या जागा लोकांना विकल्या, काही जागा तर एकाहून जास्त लोकांना. सुप्रीम कोर्टाने मनाई केल्यावरही पैसे घेणं थांबलं नाही. १९९६ साली कोर्टाने कंपनी आणि ती चालवणारं कुटुंब एकच मानलं आणि कुटुंबाच्या मालमत्तेवरही टाच आणली.

पण कुठे अन्याय दिसला म्हणून कोर्ट भिंत पाडतं असा यातून अर्थ काढू नका. एअर इंडियाच्या उपाहारगृहातल्या कामगारांनी आपण एअर इंडियाचेच कर्मचारी आहोत असा दावा केला होता. कँटीन चालवणारी कंपनी एअर इंडियाच्या शंभर टक्के मालकीची होती. तरी सुप्रीम कोर्टाने २०१४ साली नकार दिला. नुसती मालकी आणि ताबा पुरेसा नाही. जबाबदारी चुकवण्यासाठी कंपनीचा गैरवापर झाल्याचं दिसलं पाहिजे.

तुमच्या कामाचं सूत्र इथेच आहे. देणं आधी, आणि ते चुकवण्यासाठी कंपनी नंतर. इंग्लंडमधलं १९३३ चं गिलफर्ड मोटर प्रकरण तुमच्याशी सर्वात जास्त जुळतं. हॉर्न हा तिथला माजी मॅनेजिंग डायरेक्टर. नोकरी सोडल्यावर जुनी गिऱ्हाइकं ओढायची नाहीत, असं त्याने लिहून दिलं होतं. मग त्याने बायको आणि एका नोकराच्या नावाने कंपनी काढून तेच सुरू केलं. कोर्टाने मनाई हुकूम दोघांवरही बजावला, त्याच्यावर आणि नव्या कंपनीवरही.

तेव्हा आधी एक कोरा कागद घ्या आणि तारखा मांडा. तुमची बिलं कधीची, पैसे द्यायची मुदत कधी संपली, पहिली नोटीस कधी गेली. त्याखाली नवी कंपनी कधी नोंदली गेली आणि मशिनरी, कामगार, गिऱ्हाइकं तिकडे कधी वळली. कंपनी मंत्रालयाच्या एमसीए पोर्टलवर दोन्ही कंपन्यांचे सार्वजनिक कागद १०० रुपये फी भरून बघता येतात. जुन्या कंपनीच्या ताळेबंदात शेवटी टिपा असतात, तिथे 'संबंधित पक्षांशी व्यवहार' ही टीप शोधा. समजा, तुमची बिलं जूनमध्ये थकली, ऑगस्टमध्ये नवी कंपनी नोंदली गेली आणि मार्चच्या ताळेबंदात ४० लाखांची मशिनरी तिला ९ लाखांना गेलेली दिसते, तेही पैसे अजून 'येणे' आहेत. मग तुमच्या हातात गोष्ट आहे. उलट नवी कंपनी चार वर्षं जुनी असेल, तिची स्वतःची गिऱ्हाइकं असतील आणि ती शेडचं भाडं बँकेतून देत असेल, तर वकिलाच्या फीचे पैसे वाचवा.

हे साधलं तरी मिळतं काय, तेही समजून घ्या. बहुतेक वेळा आदेश नव्या कंपनीविरुद्ध किंवा वळवलेल्या मालमत्तेविरुद्ध होतो. बायको आणि मेव्हणे वैयक्तिक देणेकरी ठरायला त्यांचा स्वतःचा हात दाखवावा लागतो.

आता अशा प्रकरणांत हमखास होणारी चूक. लोक फक्त जुन्या कंपनीवर दावा लावतात, दोन-तीन वर्षांनी हुकूमनामा मिळवतात आणि मग अंमलबजावणीत संचालकांचं घर जप्त करायला निघतात. अंमलबजावणी करणारं कोर्ट हुकूमनाम्याच्या मागे जाऊ शकत नाही. त्यात कंपनीचं नाव असेल तर देणेकरी कंपनीच. म्हणून नवी कंपनी आणि ते गृहस्थ यांना पहिल्याच दिवशी प्रतिवादी करा. 'फसवणूक केली' एवढं एक वाक्य चालत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ६ नियम ४ प्रमाणे कोणी, कधी, काय केलं याचा तपशील लिहावा लागतो. तुमचा तारखांचा कागद इथे लागतो. मालमत्ता अजून हलवली जात असेल तर निकालापूर्वीच्या जप्तीचा अर्जही सोबत द्या, पण ती भीती पुराव्यानिशी दाखवावी लागेल.

एवढ्या खटाटोपाआधी दोन सोपे दरवाजे तपासा, त्यांना भिंत पाडावीच लागत नाही. त्या गृहस्थांनी कधी वैयक्तिक हमी लिहून दिली आहे का? ती असेल तर ते स्वतःच्या सहीने बांधलेले आहेत, आणि बँका प्रायव्हेट लिमिटेडला कर्ज देताना ती मागतात ते उगाच नाही. दुसरं, कंपनीचा चेक परत आला आहे का? चेक वटला नाही तर सही करणाऱ्यावर आणि कंपनीचा कारभार प्रत्यक्ष बघणाऱ्या संचालकावरही फौजदारी तक्रार होते. मात्र बँकेची सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेली पाहिजे. ती मिळाल्यावर १५ दिवसांत पैसे आले नाहीत, तर पुढच्या महिन्याभरात तक्रार. जुना चेक कपाटात ठेवून बसला असाल तर ही वाट बहुधा बंद झाली.

दिवाळखोरीच्या लवादाकडे जायचा सल्ला कुणीतरी देईल. तिथे थकीत रक्कम किमान एक कोटी लागते, त्यामुळे तुमचे १८ लाख एकट्याने पुरत नाहीत. दुसऱ्या कोणाच्या अर्जावर ती प्रक्रिया सुरू झालीच, तर फसवून धंदा चालवणाऱ्यांना वैयक्तिक भरपाईचा आदेश होऊ शकतो. पण तो पैसा कंपनीच्या सामाईक गंगाजळीत येतो आणि रांगेत तारण असलेली बँक तुमच्या पुढे उभी असते. आणि एक, तुमच्या दाव्याची मुदत बिलाची रक्कम देय झाल्यापासून तीन वर्षं आहे. निम्मी गेली. कंपनीकडून शिल्लक रकमेची सही-शिक्क्याची कबुली मुदत संपण्याआधी मिळाली, तर त्या तारखेपासून तीन वर्षं नव्याने मोजली जातात. तेव्हा ते गृहस्थ अजून फोन उचलतात तोवर 'हिशोब जुळवायला' म्हणून ते पत्र मागून घ्या.