चाळीस वर्षांनी भेटलेले दोन मित्र आणि न काढलेला विषय

प्रश्न: चाळीस वर्षांनी भेटलेल्या दोन जुन्या मित्रांवर कथा लिहितोय. कोकण किनाऱ्यावर घडते. दोघं खऱ्या विषयाभोवती घुटमळत राहतात, पण माझ्याकडून ते नुसतं हवापाण्याचं बोलणं होतंय. काय करू?

उत्तर: एका दिवाळी अंकाकडे आलेल्या कथा मी वाचतो आणि माझं गाव देवगड तालुक्यात आहे, म्हणून दोन्ही बाजूंनी सांगतो.

हवापाणी वाटण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. खरा विषय काय, ते लेखकानेच पक्कं केलेलं नसतं. ‘जुना सल’, ‘तुटलेलं नातं’ एवढ्यावर संवाद उभा राहत नाही. कोणी, कधी, काय केलं आणि त्यात दुसऱ्याचं काय गेलं, हे तुम्हाला ठाऊक हवं. वाचकालाही ते पहिल्या पानातच कळू द्या. शेवटी फोडायचं गुपित म्हणून राखून ठेवलंत, तर मधली पानं निव्वळ वेळकाढूपणा होतात. वाचकाला माहीत असलं की साधं ‘आंबा कसा आहे’सुद्धा तो कान टवकारून ऐकतो.

आधी एक कोकणी अडचण मिटवा. दोघंही एकाच गावचे असतील तर चाळीस वर्षं भेट नाही, हे इथल्या वाचकाला पटणार नाही. चाकरमानी गणपतीला येतो, शिमग्याला येतो, नाहीतर कोणाच्या तरी बाराव्याला येतोच. म्हणून एकाला घाटावरचा करा.

समजा, वसंत देवगडकडचा आणि शंकर साताऱ्याकडचा. दोघं मुंबईत एकाच कापड गिरणीत, साचा खात्यात. साचा म्हणजे कापड विणायचा माग. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. वर्ष उलटलं. वसंत गावी परतला. शंकरच्या घरी दुष्काळ आणि बहिणीचं लग्न. तो पोलिसांच्या बंदोबस्तात गेटमधून आत गेला आणि त्याला नेमका वसंतचा साचा मिळाला. वसंतला पुन्हा कामावर घेतलंच नाही. हा झाला खरा विषय. आणि कथेला उपयोगी पडेल अशी गोष्ट म्हणजे तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. आता आत जायला हरकत नाही, असं सांगणारी तारीख कधी आलीच नाही. त्यामुळे शंकर चुकला की नाही, हे दोघांनाही ठरवता येत नाही. नाहीतर एकाने माफी मागितली की कथा संपली असती.

मे महिना. शंकर घरच्यांबरोबर कुणकेश्वराला आला, चौकशी करत वसंतच्या खळ्यात पोहोचला. वसंत रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडत बसलाय. अशा भेटीत हाताला काम हवंच, कारण गप्प राहायला निमित्त लागतं. रातांबा फोडायचा, अंगठ्याने बिया गरासकट भांड्यात काढायच्या, सालं वेगळी टाकायची. पुढे ती सालं त्याच रसात बुडवून उन्हात घालायची, सुकली की पुन्हा बुडवायची. शंकर न विचारता समोर बसतो आणि एक फळ उचलतो. थोड्या वेळाने दोघांची बोटं सारखीच लाल होतात. त्यावर एक शब्दही लिहू नका.

आता बोलणं. प्रत्येक विषय एकाला सुरक्षित वाटणारा, पण दुसऱ्याला नेमका तिथेच नेणारा निवडा.

“यंदा आंबा कसा हाय?”

“मोहोर बरो इलो हुतो. मगे तुडतुडे पडले.”

“फवारायचं की मग.”

“फवारूक पैसे खंयसून हाडू?”

शंकरला आंबा बिनधोक वाटला होता. दोन वाक्यांत गाडी पैशांवर आली. आता माघार त्याने घ्यायची: “समुद्र लई जवळ हाय की रं तुमच्या.” पुढच्या खेपेला मात्र माघार वसंतने घ्यायला हवी. एकच माणूस सारखा पळत राहिला की तो गुन्हेगार आणि दुसरा पोलीस होतो.

“मावशीच्या खानावळीतली कुर्ल्यांची आमटी आठवती का?”

“आठवता. संपात तिना सगळ्यांक उधारीवर जेवक घातल्यान.”

संप हा शब्द वसंतच्या तोंडून, जाता जाता. शंकर सालं टाकायचा थांबतो. “फेडलीस तू?” असं तो विचारतो आणि विचारल्यावर त्याला कळतं, की आपण तेव्हा पगारावर होतो. वसंत म्हणतो, “गावसून मनीऑर्डर केलंय,” आणि लगेच, “ते बियो टाकू नको हां, तेंचा तेल काडतंव.” माघार. त्यानेही शंकरला वाचवलं, हे वाचकाला दिसलं पाहिजे. इतक्या वर्षांची मैत्री दाखवायला मला यापेक्षा चांगली जागा सुचत नाही. गळाभेटी आणि पाणावलेले डोळे तर प्रत्येक दुसऱ्या कथेत असतात.

तिसरी खेप सगळ्यात जवळची. गिरणी कामगारांच्या घरांची सोडत. 1 जानेवारी 1982 ला जो गिरणीच्या पटावर होता, तो पात्र, त्यानंतर लागलेलाही पात्र. संपात कोण बाहेर राहिला आणि कोण आत गेला, हे त्या अर्जात कोणी विचारत नाही.

“घराचा अर्ज भरलास का?”

“भरलंय. तू?”

“म्याबी.”

“लागला दोघांचा तर शेजारी रवाचा लागात.” वसंत हसतो. मग विचारतो, “पगाराची पावती जोडलंस? शेवटची कधीची?”

कारकुनाने विचारावा असा हा प्रश्न आहे, आणि सगळी कथा याच प्रश्नासाठी आहे.

“पंच्याऐंशीची.”

इथे घाई करू नका. दोन-तीन रातांबे फुटू द्या. आतून वसंतची बायको ‘पावण्यांक चाय देव काय?’ म्हणून विचारू दे. मग वसंत, मान वर न करता:

“माझो साचो बरो चलत हुतो?”

“डावीकडं धागा लई तुटायचा.”

“तो पयल्यापासून तसोच.”

कथा इथे थांबवा. तू माझ्या जागी गेलास, हे वसंत म्हणाला नाही. मी गेलो, हे शंकरही म्हणाला नाही. पण साचा ‘माझो’ होता आणि तो कसा चालायचा हे शंकरला ठाऊक आहे, एवढं दोघांनी एकमेकांसमोर कबूल केलं. दोघं विणकर, म्हणून हे धाग्याच्या भाषेत झालं. तुमचे मित्र मच्छीमार असतील, शिक्षक असतील, तर त्यांच्या धंद्यातलं असंच एक वाक्य शोधावं लागेल. ते सापडेपर्यंत लिहायला बसू नका, असं मी तरी म्हणेन.

मालवणी लिहिता येत नसेल तर अर्धवट लिहू नका. वसंतला साधं मराठी द्या आणि एखाद-दुसरा शब्द तेवढा तिथला ठेवा. आणि पहिला खर्डा झाला की आधी ‘तो क्षणभर भूतकाळात हरवला’ छापाची वाक्यं काढून टाका. बहुतेक वेळा पाऊण पान तिथेच कमी होतं.