मागच्या गणितात जमलं, इथे का फसलं? दोन दोरांवर टांगलेला दिवा

प्रश्न असा होता: «१० किलोचा दिवा दोन दोरांनी छताला टांगलाय. डावा दोर छताशी ३० अंशांचा कोन करतो, उजवा ४५ अंशांचा. मी वजनाचे दोरांच्या दिशेने घटक काढले. ९८ sin ३० म्हणजे ४९ आणि ९८ sin ४५ म्हणजे ६९.३ न्यूटन. पुस्तकात ७१.७ आणि ८७.९ दिलंय. याच पद्धतीने ३० आणि ६० अंशांचं गणित बरोबर आलं होतं! शिवाय आखूड दोरावर जास्त ताण कसा, आणि दोन ताणांची बेरीज वजनापेक्षा जास्त कशी?»

पुस्तक बरोबर आहे. तुझा खरा प्रश्न मधलाच आहे: तीच पद्धत ३०-६० ला चालली आणि ३०-४५ ला का नाही. शिकवणीत ही चूक दरवर्षी दिसते, आणि ती टिकून राहते याचं कारण हेच की पहिलं गणित बहुतेक वेळा ३०-६० चं असतं. उत्तर जुळतं, पद्धत डोक्यात पक्की बसते.

आधी एक टोकाची स्थिती घेऊ. समज उजवा दोर सरळ उभा आहे, छताशी ९० अंश, आणि डावा तसाच ३० अंशांत तिरका. तुझ्या पद्धतीने उजव्यावर ९८ न्यूटन आणि डाव्यावर ४९ न्यूटन ताण येईल. आता आकृतीकडे नीट बघ. डावा दोर ४९ न्यूटनने दिव्याला डावीकडे वर ओढतोय. त्या ओढीचा आडवा भाग ४२ न्यूटनच्या आसपास आहे. उजवीकडे ओढणारं कोण आहे? कोणीच नाही. उभा दोर फक्त वर ओढतो, वजन फक्त खाली. म्हणजे दिवा जागेवर राहणारच नाही. तो स्थिर आहे असं गणितात म्हटलंय, तेव्हा डाव्या दोरातला ताण शून्यच हवा. तो दोर तिथे नुसता शोभेला आहे. पद्धत चुकीची आहे हे एवढ्यावरच सिद्ध होतं.

मग चूक नेमकी कुठे? वजनाचा डाव्या दोराच्या रेषेतला घटक ४९ न्यूटन आहे, हे अगदी खरं. पण त्या रेषेत फक्त वजन आणि डावा दोर एवढेच दोघे नाहीत, उजवा दोरही आहे. दोन दोरांमधला कोन १८० − ३० − ४५ म्हणजे १०५ अंश. काटकोनापेक्षा मोठा. त्यामुळे उजव्या दोराच्या ओढीचा काही भाग डाव्या दोराच्या बरोबर उलट दिशेने जातो. डाव्या दोराला वजनाचे ४९ तर पेलायचेच, वर उजव्या दोराची ही उलटी ओढही पेलायची. ती किती? ८७.९ × cos १०५, म्हणजे सुमारे २२.७ न्यूटन, उलट दिशेने. ४९ + २२.७ = ७१.७. आलं ना पुस्तकातलं उत्तर? उजव्या दोराचंही तसंच: ६९.३ मध्ये डाव्या दोराच्या उलट ओढीचे १८.६ मिळवले की ८७.९.

३० आणि ६० मिळून ९० होतात, म्हणून तिथे दोन दोर एकमेकांशी काटकोनात असतात. एकाची ओढ दुसऱ्याच्या रेषेत शून्य पडते, म्हणून तुझी पद्धत तिथे आपोआप खरी ठरली. दोर काटकोनात असतील तेवढ्यापुरतीच ती खरी आहे.

आता ताण आधी माहीत नसताना ते काढायचे कसे. दोन्ही दोर आणि दिव्याची दोरी जिथे एकत्र येतात त्या गाठीवर लक्ष ठेव. दिवा, छत, हुक सगळं विसर. गाठीवर तीनच बलं आहेत: डावा ताण T1, उजवा ताण T2 आणि खाली ९८ न्यूटन. आता दोरांच्या दिशा सोडून आडवी आणि उभी दिशा घे. या दोन दिशा एकमेकींशी काटकोनात आहेत, म्हणून इथे कोणाची ओढ कोणाच्या हिशोबात घुसत नाही.

```
आडवे:  T1 cos30 = T2 cos45
उभे:   T1 sin30 + T2 sin45 = 98
```

आडव्या समीकरणापासून सुरुवात कर, कारण त्यात वजन नाही आणि दोन ताणांचं नातं थेट मिळतं. T2 cos 45 ही राशी 0.866 T1 इतकी आहे. ४५ अंशाला sin आणि cos सारखेच, म्हणून T2 sin 45 सुद्धा 0.866 T1. हे खालच्या समीकरणात टाकलं की

```
0.5 T1 + 0.866 T1 = 98
T1 = 98 / 1.366 = 71.7 N
T2 = 0.866 × 71.7 / 0.707 = 87.9 N
```

नेहमी ४५ अंश असतीलच असं नाही. डाव्या दोराचा छताशी कोन a, उजव्याचा b आणि दिव्याचं वजन W असेल तर हीच दोन समीकरणं सोडवून T1 = W cos b / sin(a+b) आणि T2 = W cos a / sin(a+b) मिळतं. वर cos मध्ये समोरच्या दोराचा कोन येतो, इथे घाईत अदलाबदल होते. a + b = 90 टाकून बघ: छेद १ होतो, cos b चं sin a होतं, आणि तुझं जुनं सूत्र बाहेर पडतं.

आखूड दोरावर जास्त ताण का, याचं उत्तर आडव्या समीकरणातच आहे. लांबीचा इथे संबंध नाही, कोनाचा आहे. हुक एकाच उंचीवर असल्यामुळे जो दोर जास्त उभा तोच आखूड, एवढंच. दोन्ही दोरांची आडवी ओढ सारखीच असायला हवी, नाहीतर दिवा बाजूला सरकेल. जास्त उभ्या दोराच्या ताणाचा थोडाच भाग आडवा जातो. तेवढीच आडवी ओढ द्यायला त्याला एकूण ताण जास्त लागतो.

बेरजेचंही तेच. ताण हे वजनाचे वाटे नव्हेत. वाटे पडतात ते फक्त उभ्या घटकांचे: डावा ३५.९ आणि उजवा ६२.१, बेरीज बरोबर ९८. आडवे घटक मात्र दोन्हीकडे ६२.१ न्यूटन, एकमेकांना खोडून टाकणारे. दिवा वर धरण्यात त्यांचा काही हात नाही, पण दोराला आणि हुकाला ते सोसावेच लागतात.

याच उभ्या वाट्यांवरून उत्तर तपासायची एक सोपी रीत मिळते, त्यात समीकरणं सोडवावी लागत नाहीत. समज गाठ छतापासून १ मीटर खाली आहे. मग डावा हुक गाठीच्या वरच्या बिंदूपासून आडव्या अंतरात १.७३ मीटरवर आणि उजवा १ मीटरवर. हुकांमधलं अंतर २.७३ मीटर. दोघांनी खांद्यावर बांबू घेऊन ओझं न्यावं तसंच हे आहे, ओझं ज्याच्या जवळ त्याच्यावर भार जास्त. डाव्याचा वाटा ९८ × १ / २.७३, म्हणजे ३५.९. डावा दोर २ मीटर लांब आणि १ मीटर खाली येणारा, म्हणून ताण वाट्याच्या दुप्पट: ७१.७. उजवा दोर १.४१ मीटरचा, म्हणून ६२.१ × १.४१ = ८७.९ च्या जवळपास. कोनमापक लागत नाही, मोजपट्टी आणि ओळंबा पुरतो. हुक वरखाली असतील तर मात्र हा वाट्यांचा हिशोब चालत नाही. गाठीची दोन समीकरणं तेव्हाही चालतात, फक्त कोन छताऐवजी आडव्या रेषेशी मोजायचे.

एक धोका तुझ्याच गणितात लपलाय. काही पुस्तकं कोन छताशी देतात, काही उभ्या रेषेशी. उभ्या रेषेचे कोन समजून हेच आकडे टाकलेस तर T1 पुन्हा ७१.७ च येतो, कारण ४५ चा sin आणि cos एकच. पण T2 येतो ५०.७. एक उत्तर जुळलं आणि दुसरं साफ चुकलं की आकडेमोड पुन्हा करत बसू नकोस, आकृतीत कोन कुठे काढलाय ते बघ. आणि उत्तर ऋण आलं तर कॅल्क्युलेटर अंशांवर आहे की रेडियनवर ते आधी बघ.

विश्वास बसत नसेल तर कॉलेजच्या प्रयोगशाळेत दोन ताणकाटे आणि १ किलोचं वजन घे. कोन ३० आणि ४५ ठेवलेस तर काटे साधारण ७३० आणि ९०० ग्रॅम दाखवतील. ताणकाटा तिरका केला की त्याच्या दांड्याच्या स्वतःच्या वजनामुळे शून्य किंचित सरकतो, म्हणून शून्य तिरक्या स्थितीतच जुळवून घे.

घरी खरंच दिवा टांगायचा असेल तर दोर फार ताठ ओढू नकोस. दोन्ही कोन ३० असले तर प्रत्येक दोरात वजनाइतकाच ताण, ९८ न्यूटन. दोन्ही ५ अंशांवर आणलेस तर प्रत्येकात ५६२ न्यूटन, म्हणजे १० किलोच्या दिव्यासाठी प्रत्येक हुकावर ५७ किलोची ओढ, तीही जवळजवळ आडवी. दोर कितीही ओढला तरी पूर्ण आडवा का होत नाही, हे यातच दिसतं: कोन शून्याकडे गेला की लागणारा ताण वाढतच जातो.

आणि हे सगळं दोन वेगळे दोर गाठीत बांधलेले असतील तरच. एकच दोर दोन हुकांना बांधून दिवा त्यावर गुळगुळीत कडीने अडकवला, तर दोन्ही बाजूंना ताण एकच असतो. मग आडव्या समीकरणात ताण दोन्हीकडून उडतो आणि कोन सारखेच व्हावे लागतात. कडी घसरत जाऊन त्या जागी थांबते. गणितात «कडी» आणि «गुळगुळीत» असे शब्द असून कोन ३० आणि ४५ दिले असतील, तर ते गणितच चुकीचं छापलंय.