उद्योजकांचे प्रकार आणि स्टार्टअपचे टप्पे: लघुत्तरी प्रश्नात गुण कुठे जातात

प्रश्न: बी.कॉम.ला उद्योजकता विषय आहे. उद्योजकांचे प्रकार, स्टार्टअपचे टप्पे सगळं पाठ आहे, तरी चार गुणांच्या प्रश्नाला दोनच पडतात. नक्की काय चुकतं?

मी बरीच वर्षं हा विषय शिकवतो आणि पेपरही तपासतो. बहुतेक उत्तरांत नावं बरोबर असतात, पण ती कोणत्या कसोटीवर पाडली आहेत हे कुठेच लिहिलेलं नसतं. राहिलेले दोन गुण तिथेच जातात.

अर्थशास्त्रज्ञ डॅनहॉफने केलेले उद्योजकांचे चार प्रकार घ्या: नवप्रवर्तक, अनुकरणशील, फॅबियन आणि ड्रोन. त्याने हे वर्गीकरण अमेरिकेतल्या शेतीच्या अभ्यासावरून केलं आणि चौघांना कसोटी एकच लावली: नवी पद्धत माणूस केव्हा स्वीकारतो? नवप्रवर्तक ती सगळ्यांआधी आणतो. अनुकरणशील माणूस दुसऱ्याचं यश पाहून ती उचलतो. फॅबियन थांबतो, आता बदललं नाही तर नुकसान होणार हे दिसल्यावरच बदलतो. ड्रोन नुकसान सोसतो पण बदलत नाही. उत्तराचं पहिलं वाक्य या कसोटीचं लिहा, मग चार प्रकार आपोआप ओळीने येतात.

फॅबियन हा शब्द रोमन सेनापती फॅबियसवरून आला आहे. हॅनिबलशी समोरासमोर लढाई टाळून तो वेळ काढत राहिला. ड्रोन म्हणजे नर मधमाशी. यावरून मुलं सरसकट ‘ड्रोन म्हणजे आळशी उद्योजक’ लिहितात. ते चूक आहे. ड्रोन पहाटे दुकान उघडून रात्रीपर्यंत राबणाराही असू शकतो. तो काम टाळत नाही, बदल टाळतो. एवढा फरक लिहिलात तर तपासणाऱ्याला कळतं की तुम्हाला विषय समजला आहे.

आता टप्पे. कल्पना, संधीची पारख, नमुना, बाजारात चाचणी, भांडवल, विस्तार अशी यादी सगळेच लिहितात. प्रत्येक टप्पा कोणत्या प्रश्नाचं उत्तर मिळाल्यावर संपतो, ते कोणी लिहीत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांचं उदाहरण इथे फार उपयोगी पडतं. त्यांच्या काळात स्टार्टअप हा शब्द नव्हता, पण टप्पे स्वच्छ दिसतात.

त्यांनी सुरुवात बेळगावात सायकलींच्या दुकानापासून केली. पुढे कडबा कापायचं यंत्र केलं आणि 1903 साली लोखंडी नांगर तयार केला. इथे नमुन्याचा टप्पा संपला, कारण ‘वस्तू बनवता येते का?’ याचं उत्तर मिळालं. पण ‘लोक विकत घेतील का?’ हा प्रश्न वेगळा आहे. लोखंडाने जमीन नासते, अशी समजूत शेतकऱ्यांमध्ये होती आणि पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली असं सांगतात. नांगर तयार होता, गिऱ्हाईक तयार नव्हतं. नवे धंदे सर्वांत जास्त याच जागी अडकतात, म्हणून बाजारचाचणीला उत्तरात दोन वाक्यं जास्त द्या.

1910 मध्ये औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडलजवळची जागा आणि पैसा दिला. निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. हा विस्ताराचा टप्पा. मोठं भांडवल मागणी दिसल्यानंतर आलं, हे लक्षात घ्या. ‘आधी भांडवल, मग विक्री’ असा क्रम सरसकट लिहू नका. सुरुवातीचा छोटा पैसा आणि विस्ताराचा मोठा पैसा हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

‘लक्ष्मणराव कोणत्या प्रकारचे उद्योजक?’ असा प्रश्न आला तर काय लिहाल? लोखंडी नांगर परदेशात आधीपासून होता, म्हणून कोणी अनुकरणशील म्हणेल. पण अर्थशास्त्रज्ञ शुंपीटरच्या मते नवप्रवर्तन म्हणजे शोध लावणं नव्हे. नवी वस्तू, नवी उत्पादनपद्धत, नवी बाजारपेठ, कच्च्या मालाचा नवा स्रोत किंवा उद्योगाची नवी रचना, यांपैकी एकही प्रत्यक्षात आणली तरी ते नवप्रवर्तन होतं. इथल्या मातीला मानवेल असा नांगर बनवून तो लाकडी नांगर धरणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती देणं या व्याख्येत बसतं. मी स्वतः नवप्रवर्तकच लिहीन. पण दुसरी बाजू कारणासह मांडणाऱ्या विद्यार्थ्यालाही मी पूर्ण गुण दिले आहेत, कारण चार गुणांच्या प्रश्नात निदान दोन गुण त्या कारणाचेच असतात.