थकबाकी नव्हे, वर्गणी

प्रश्न : "आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचं वार्षिक स्मरणपत्र असं तयार झालं आहे : 'सर्व सभासदांना कळविण्यात येते की, आपल्याकडील सन २०२६-२७ ची थकबाकी रु. ६००/- चे भुगतान दि. ३० जून पूर्वी ऑनलाइन/कॅश/चेकद्वारे तात्काळ करण्यात यावे, अन्यथा सभासदत्व रद्द करण्यात येईल.' भाषा जरा कडक वाटते. नीट लिहून द्याल का? थकबाकी शब्द चालेल ना?"

नाही चालणार. कडकपणा 'अन्यथा'त आहे असं तुम्हाला वाटत असेल, पण खरा घाव 'थकबाकी'नं घातला आहे. ज्या पैशांची मुदत अजून संपायची आहे ते थकलेले नसतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात हे पत्र हाती पडलेल्या सत्तर वर्षांच्या माणसाला वाटतं की आपण काहीतरी बुडवलं आहे. तो मागच्या वर्षीची पावती शोधत कपाटं उपसतो. सोसायट्यांच्या फळ्यांवर, वाचनालयांच्या दारांवर, मंडळांच्या ग्रुपांवर हा शब्द मी दर वर्षी असाच वापरलेला पाहतो, आणि दर वर्षी तितकाच चिडतो.

हा शब्द मुळात फार सुंदर आहे, म्हणून त्याची ही हेळसांड जास्त लागते. 'बाकी' अरबी. ब-क-य या धातूचा अर्थ उरणे, टिकून राहणे. आपल्या 'वजाबाकी'तही तीच बाकी आहे, आणि तिथली 'वजा'सुद्धा अरबीच. आता 'थक' पाहा. बहुतेक जण सांगतात की थकणे म्हणजे दमणे, आणि देणेकरी दमला म्हणून देणं थकलं. कोशांतही 'दमणे' हा अर्थ पहिला आणि 'येणे तुंबणे' हा मागून दिलेला असतो, त्यामुळे दुसरा अर्थ पहिल्यावरून आलंकारिक रीतीनं निघाला असा समज पक्का होतो. मला तो क्रम उलटा वाटतो. प्राकृतात 'थक्कइ' म्हणजे राहतो, थांबतो, उभा राहतो. हा जुना अर्थ मराठीनं आजही जपला आहे, आणि तोही जोडाक्षरासकट : आपण 'थक्क' होतो तेव्हा दमत नाही, जागच्या जागी थांबतो. चालून चालून पाय जागीच राहिले की माणूस थकला. यायचे पैसे वाटेत राहिले की ते थकले. दोन्ही अर्थ 'राहणे'ची भावंडं आहेत, एक दुसऱ्याचं पोर नव्हे. 'पैसे थकले' या प्रयोगात दमतं कोण? देणारा नाही, घेणारा नाही आणि पैसा तर नाहीच. दमण्यावरून व्युत्पत्ती लावणाऱ्यांनी आधी याचं उत्तर द्यावं.

म्हणजे थकबाकी हा 'राहिलेलं' अधिक 'उरलेलं' असा जोडशब्द झाला. अर्धा प्राकृतातला, अर्धा अरबीतला, आणि दोन्ही अर्ध्यांचा अर्थ जवळजवळ एकच. मराठीला ही जोडी लावायची सवयच आहे. बाजारहाटात बाजार फारसी आणि हाट आपली. कागदपत्रात कागद बाहेरचा आणि पत्र संस्कृत. धनदौलतीत धन संस्कृत आणि दौलत अरबी. दरबारची भाषा एक आणि घरची दुसरी असताना, दोन्हीकडच्या माणसाला कळावं म्हणून शब्द शेजारी शेजारी बसवले गेले आणि पुढे एकमेकांना चिकटले, असं माझं मत आहे. यावर मी पानंच्या पानं लिहू शकेन. तुमच्या पत्रापुरतं एवढं पुरे की ज्या शब्दाचे दोन्ही तुकडे 'मागे राहिलं' असं ओरडून सांगतात, तो मुदतीच्या आत वापरायचा नाही.

तिथे शब्द हवा 'वर्गणी'. आता कुणीतरी 'सदस्यता शुल्क' सुचवील, सरकारी परिभाषेचा दाखला देईल. सरकारी अर्जावर शुल्क ठीक आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातला शुल्काध्यक्ष हा जकातीचा अधिकारी. मनुस्मृतीत मुलीच्या बापानं अणुमात्रही घेऊ नये असं जे म्हटलं आहे, तेही शुल्कच. माल वेशीतून आत न्यायचा म्हणून किंवा काही मिळवायचं म्हणून मोजलेली किंमत असा त्या शब्दाचा वास आहे. संघ सभासदांचाच असतो. तिथे माणूस आपल्या वाट्याचा भाग घालतो, त्याला वर्गणी म्हणतात. 'भुगतान' तर काढूनच टाका. हिंदीत भुगतना म्हणजे भोगणे, आणि भुगतान त्याच घरातलं. आपल्याकडे 'भरणे' असताना ते उसनं कशाला आणायचं? पाणी भरतो, फी भरतो, बिल भरतो, तशी वर्गणीही भरतो.

आता '३० जूनपूर्वी'. याचा सरळ अर्थ २९ तारीख संपेपर्यंत. एका वाचनालयाचा मी काही वर्षं खजिनदार होतो. तिथल्या पत्रात असंच 'पूर्वी' छापलेलं होतं. ३० तारखेला संध्याकाळी एक बाई पैसे घेऊन आल्या आणि टेबलाशी बसलेल्या कार्यकर्त्यानं त्यांच्याकडून विलंब आकार मागितला. बाईंनी पिशवीतून पत्र काढलं, त्यानंही तेच पत्र पुढे केलं, आणि दोघं एकाच शब्दावर बोट ठेवून भांडत राहिले. शब्दाप्रमाणे कार्यकर्ता बरोबर होता. पण पत्र लिहिणाऱ्याच्या मनात ३० तारीख धरलेलीच होती, हे मला माहीत होतं, कारण ते मीच लिहिलं होतं. बाईंचा आकार मी माफ करायला लावला आणि पुढच्या वर्षी शब्द बदलला.

'पर्यंत'नं बरंच काम होतं, तरी शंका उरतेच. ही शंका पाणिनीच्या काळापासूनची आहे. 'आङ् मर्यादाभिविध्योः' असं त्याचं सूत्र आहे. 'आ' हे अव्यय सीमा दाखवतं, पण ती दोन तऱ्हांची : सीमा वगळून असेल तर मर्यादा, सीमा धरून असेल तर अभिविधि. काशिका या पाणिनीवरच्या जुन्या टीकेत मर्यादेचं उदाहरण आहे, पाटलिपुत्रापर्यंत पाऊस पडला. म्हणजे शहराच्या वेशीपर्यंत सगळं भिजलं आणि पाटलिपुत्र कोरडं. अभिविधीचं उदाहरण, पाणिनीची कीर्ती 'आकुमारम्', लहान पोरांपर्यंत पोचली. इथे पोरं धरलेली. पाटलिपुत्र भिजलं की नाही आणि ३० जून चालतो की नाही, हा एकच प्रश्न आहे! केंद्रीय कायद्यांपुरता १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टच्या नवव्या कलमानं तो सोडवून ठेवला आहे, 'पर्यंत' म्हटलं की शेवटचा दिवस धरायचा. तुमचं पत्र म्हणजे कायदा नव्हे, म्हणून तुम्ही 'तो दिवस धरून' असे तीन शब्द लिहा आणि वारही लिहा. २०२६ चा ३० जून मंगळवारी आहे. वार लिहिला की तारखेतली चूक आपोआप पकडली जाते.

'सभासदत्व रद्द' ही धमकी बहुतेक खोटी असते. तुमचा संघ १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेला असेल तर कलम १५ वाचा. वर्गणी तीन महिन्यांहून अधिक काळ थकली असेल त्याला मतदानाचा हक्क नाही आणि त्या कायद्याखालच्या कामकाजात तो सभासद म्हणून मोजला जात नाही. इथे थकबाकी हा शब्द अगदी जागेवर बसतो, कारण मुदत उलटलेली आहे. नाव कमी करणं ही वेगळी गोष्ट आहे, ती तुमच्या नियमावलीत असेल तरच आणि तिथे दिलेल्या रीतीनंच करता येते. म्हणून जे खरं आहे तेवढंच लिहा. ३० जून ही तुमच्या नियमावलीतली देय तारीख असेल, तर तीन महिने ३० सप्टेंबरला पुरे होतात.

पैसे कसे भरायचे हे तिरक्या रेघा मारून एका दमात सांगू नका. 'ऑनलाइन' हा काही मार्ग नव्हे. यूपीआय की एनईएफटी, ते लिहा. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास चालू असतं, त्यामुळे शेवटच्या रात्री अकराला भरलेले पैसेही मुदतीतलेच. मात्र शेरा न लिहिता पाठवलेले ६०० रुपये कोणाचे हे खजिनदाराला कळत नाही, आणि तीस जणांनी एकाच दिवशी ६०० पाठवले की तो हतबल होतो. सभासद क्रमांक लिहायला सांगणं म्हणूनच सगळ्यात महत्त्वाचं. आयएफएससी कोडमधलं पाचवं चिन्ह नेहमी शून्य असतं. पुष्कळ जण तिथे इंग्रजी 'ओ' टाइप करतात आणि बँक खातं स्वीकारत नाही म्हणून तुम्हाला फोन करतात. कोडशेजारी तेवढं लिहून ठेवा. धनादेश कोणाच्या नावानं काढायचा ते संस्थेचं खात्यावरचं नाव जसंच्या तसं द्या. 'चेक' लिहिलंत तरी माझी हरकत नाही, तो शब्द आता मराठीच आहे. 'कॅश'ला मात्र 'रोख' असताना थारा देऊ नका.

तर पत्र असं :

"सप्रेम नमस्कार.

२०२६-२७ या वर्षाची संघाची वर्गणी ६०० रुपये (सहाशे रुपये) आहे. ती मंगळवार, ३० जून २०२६ पर्यंत, तो दिवस धरून, भरावी ही विनंती.

रोख : संघाच्या कार्यालयात, सोमवार ते शनिवार, संध्याकाळी ५ ते ७. पावती लगेच मिळेल.
चेक : संघाच्या नावाने. मागे आपले नाव व सभासद क्रमांक लिहावा.
यूपीआय किंवा एनईएफटी : तपशील खाली दिला आहे. शेऱ्यात सभासद क्रमांक अवश्य लिहावा. पावती आठ दिवसांत पाठवू.

आपण वर्गणी आधीच भरली असल्यास या पत्राकडे लक्ष देऊ नये. ३० सप्टेंबरनंतरही वर्गणी येणे असल्यास कायद्याप्रमाणे सभेत मतदान करता येत नाही, याची कृपया नोंद घ्यावी.

आपला,
खजिनदार"

खाली बँकेचा तपशील आणि ज्यांच्याशी बोलता येईल अशा एका माणसाचा फोन द्या. 'तात्काळ' मी काढला आहे. तारीख दिल्यावर त्याची गरज नाही, आणि शुद्ध रूप 'तत्काळ' आहे. १ जुलैनंतर ज्यांचे पैसे आले नसतील त्यांनाच दुसरं पत्र पाठवा, आणि थकबाकी हा शब्द त्या पत्रात लिहा.