फील्ड बदलू का?

प्रश्न: नोकरीत मन लागत नाही. फील्ड बदलावं का?

एवढ्यावरून हो-नाही सांगणं तुमच्यावर अन्याय होईल. पगाराचा आकडा नको, दर महिन्याला चुकवताच येणार नाही असा खर्च सांगा: हप्ता, भाडं, फी, आईवडिलांची औषधं. समजा तो ३२,००० आहे, शिकायला सहा महिने बिनपगारी जाणार आणि नंतर वर्षभर दरमहा हातात २५,००० येणार. म्हणजे सहा महिन्यांचे १,९२,००० अधिक दरमहा ७,००० कमी पडतील त्याचे वर्षाचे ८४,०००, एकूण २,७६,००० आधी बाजूला हवेत. घरात दुसरा पगार असेल तर गणित पार बदलतं.

कौशल्याचं म्हणाल, तर कोर्सची नावं नकोत. आज कोणी पैसे देऊन करून घेईल असं कोणतं काम तुम्हाला येतं, ते लिहा.

आणि आईवडील कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये आहेत का? हे बहुतेक जण विसरतात. नोकरी सुटली की ते कव्हर सहसा जातं, आणि नव्या पॉलिसीत जुन्या मधुमेहासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. त्यांची वेगळी पॉलिसी हातात आल्याशिवाय राजीनामा देऊ नका. नोकरीला पाच वर्षं भरत आली असतील तर तारीखही बघा, ग्रॅच्युइटी त्यावर ठरते.